बारशाला काय न्यायचं?

बारशाचे पाहुणे पांगले, पाळण्याच्या दोऱ्या सैल झाल्या, की घरात आहेराची मोजदाद सुरू होते. पलंगावर एकेक पिशवी रिकामी होते. झबल्या-टोपड्यांचे सहा-सात संच, त्यातल्या बहुतेकांवर ‘शून्य ते तीन महिने’ लिहिलेलं. चार मऊ ब्लँकेटं. पावडर, साबण, तेल, लोशन एकत्र भरलेले दोन-तीन खोके. चांदीच्या वाट्या दोन आणि बाळाहून थोराड असं एक लोकरी अस्वल. आणणाऱ्यांपैकी कुणीच हात आखडता घेतलेला नसतो. तरीही महिनाभरात यातलं निम्मं कपाटाच्या वरच्या फळीवर जातं आणि पुढच्या कुणाच्या तरी बारशाला निघतं.

असं होण्याचं कारण साधं आहे. बारशाचं निमंत्रण आलं की डोळ्यांपुढे बारा दिवसांचं बाळ येतं आणि दुकानात हात आपोआप त्याच मापाकडे जातो. सगळ्यांनी एकाच दिवसाकडे बघून खरेदी केली, की वस्तू एकसारख्या होणारच. म्हणून दुकानात जाण्याआधी तीन गोष्टींचा विचार करावा: बाकीचे काय आणणार आहेत, ही वस्तू वापरात येईल तेव्हा बाळ किती महिन्यांचं असेल, आणि तेव्हा ती त्याच्या तोंडात किंवा गळ्याशी गेली तर काय होईल.

ठरलेले मान आणि उरलेली जागा

आपल्याकडे बारशाच्या आहेराची वाटणी बरीचशी आधीच झालेली असते. घरागणिक आणि भागागणिक फरक पडतो, पण बहुतेक ठिकाणी बाळंतविडा आजोळचा. त्यात अंगडी-टोपडी, दुपटी, लंगोट, बाळंतिणीची साडी, डिंकाचे नाहीतर अहळिवाचे लाडू असं सगळं येतं. पाळणा आणि चांदीचे वाळेही पुष्कळ घरांत मामाकडून येतात. नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा, म्हणून कुंची किंवा झबलं-टोपडं तिच्याकडून. गोधडी आजीनं किंवा पणजीनं जुन्या लुगड्यांची शिवून ठेवलेली असते. म्हणजे पारंपरिक वस्तूंच्या जागा जवळच्या नातेवाइकांनी भरलेल्याच असतात. अडचण होते ती काकू, मामी, आतेभाऊ, शेजारी आणि ऑफिसातल्या मैत्रिणींची. त्यांना ठरलेला मान नसतो, आणि ते नेमक्या त्याच वस्तू दुसऱ्यांदा घेऊन येतात.

यावर उपाय एका फोनचा. तो बाळंतिणीला करू नये. तिची झोप झालेली नसते आणि ती संकोचानं ‘काही नको, तुम्ही फक्त या’ एवढंच म्हणते. बाळाच्या मावशीला किंवा आजीला विचारावं आणि प्रश्न नेमका असावा. ‘काय आणू?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘काही आणू नका’ हे एकच उत्तर आहे. त्याऐवजी ‘बाळाला घडीची मच्छरदाणी घेतली का?’ किंवा ‘थंडीचे कपडे कुणी आणतंय का?’ असं विचारलं तर ‘अगं नाही, तेच राहिलंय’ असं खरं उत्तर मिळतं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारत बसण्यापेक्षा ‘मी सहा महिन्यांनंतरचे कपडे आणतेय’ असं जाहीर करून टाकलेलं बरं. ते वाचून बाकीचे आपोआप दुसरं काही बघतात.

हल्ली नाव कोरलेल्या वाटीची किंवा नाव विणलेल्या दुपट्याची हौस वाढली आहे. पण बारशापर्यंत बऱ्याच घरांत नाव गुलदस्त्यात असतं, आणि ‘अन्वी’ की ‘आन्वी’ हा वाद तर पाळण्याजवळही मिटलेला नसतो. अशी वस्तू द्यायचीच तर बारसं झाल्यावर, नावाचं लेखन नक्की करून, मग बनवायला टाकावी. उशिरा आलेल्या भेटीचं कुणाला वाईट वाटत नाही, आणि ती दुसऱ्या कुणासारखी होण्याची शक्यताही फार थोडी.

कपडा घ्यावा तो पुढच्या ऋतूचा

कपडा ही सगळ्यात सोपी भेट, आणि चुकते तीही हीच. जन्मतः साधारण पन्नास सेंटीमीटर लांब असलेलं बाळ वर्षाच्या आत पंचाहत्तरच्या आसपास पोचतं. वजन पाच महिन्यांत सुमारे दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. पहिल्या तीन महिन्यांची वाढ सर्वांत वेगवान, त्यामुळे ‘शून्य ते तीन’चा कपडा पाच-सहा आठवड्यांतच दाटू लागतो. त्यातून हे दिवस बाळ घरातच असतं, साध्या सुती झबल्यात आणि लंगोटात. जरीकाठाचं परकर-पोलकं किंवा छोटी शेरवानी फोटोपुरती अंगावर चढते आणि उतरते.

म्हणून बाळाच्या वयापेक्षा ऋतूचा हिशेब करावा. जुलैअखेरीस जन्मलेलं बाळ डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा महिन्यांचं असेल आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात नऊ महिन्यांचं. त्याला सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचा बिनबाह्यांचा फ्रॉक दिला तर तो ऐन थंडीत मापाला येणार आणि उन्हाळा येईतो आखूड होणार. याच बाळाला पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे सहा ते नऊच्या मापाचे आणि पातळ बिनबाह्यांची झबली नऊ ते बारा किंवा त्याहून थोडी मोठी, असं घेतलं तर दोन्ही अंगाला लागतील. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, म्हणून महिन्यांच्या आकड्यापेक्षा लेबलावर सेंटीमीटर दिले असतील तर त्यावर भर द्यावा. दोन मापांत अडखळलात तर मोठं घ्यावं. सैल कपड्याची बाही दुमडता येते, आखूड कपड्याला इलाज नाही.

कपडा हातात आला की तो उलटा करून आतली बाजू बघावी. मोजे, हातमोजे आणि पायमोजे जोडलेला पायजमा असेल तर हे मुद्दाम करावं. आत सुटा दोरा लोंबत असेल तर तो बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. बोट सुजतं, दोरा आत रुततो आणि रक्तपुरवठा अडतो. बाळ का रडतंय हे कुणाला कळत नाही, कारण बोट मोज्यात झाकलेलं असतं. बालरोगतज्ज्ञ खूप रडणाऱ्या बाळाच्या हातापायांची बोटं उघडून पाहतात, त्यामागे हेही एक कारण असतं. बंद असलेला कपडा घेताना टिचबटणाचा घ्यावा आणि प्रत्येक टिचबटण जोरानं ओढून पाहावं. टिकल्या, मोती, लटकन, चिकटवलेली फुलं असलेला कपडा कितीही गोड दिसला तरी सोडून द्यावा.

इथे कुंचीबद्दलही बोलायला हवं. खणाची किंवा जरीची कुंची बारशाच्या फोटोची शान असते आणि आत्यानं ती जरूर आणावी. पण ती हनुवटीखाली नाडीनं बांधली जाते. परदेशांतल्या बालकपड्यांच्या प्रमाणांत लहान मुलांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी चालत नाही, ती याच भीतीनं की अडकून गळा आवळेल. आपल्याकडे एवढं पाळलं तरी पुरे: कुंची माणसांच्या हातात असलेल्या, जाग्या बाळाला घालावी आणि पाळण्यात निजवताना काढावी. डोकं झाकून झोपवलं की बाळाच्या अंगातली उष्णता बाहेर पडायलाही अडचण होते.

तोंड, नाक आणि गळा

चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ वस्तू मुठीत धरू लागतं, आणि मुठीत आलेली वस्तू तोंडात जाते. खेळण्याची पारख याच एका सवयीवरून करावी. खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या प्रमाणात त्यासाठी एक छोटं नळकांडं ठरवलेलं आहे. त्याचा व्यास सुमारे ३.२ सेंटीमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा. खेळणं किंवा त्याचा सुटणारा तुकडा त्यात पूर्ण मावला, तर ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात देण्याजोगं नाही. दुकानात नळकांडं नसतं, पण नाणं असतं. नाण्याच्या जवळपास मापाचं काही सुटून येण्यासारखं दिसलं तर ते खेळणं ठेवून द्यावं.

आपला खुळखुळा याच कसोटीवर बघावा. प्लास्टिकचा असेल तर दोन अर्धगोल जोडलेली शिवण नखानं चाचपावी. ती उकलली तर आतले मणी बाहेर. गाणी वाजवणारं, दिवे लावणारं खेळणं असेल तर त्यातल्या घडाळ्याच्या सेलकडे लक्ष द्यावं. बटणासारखा हा चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजतं. त्याचं झाकण स्क्रूनं बंद होणारं असलं पाहिजे. नुसतं अंगठ्यानं सरकणारं झाकण असेल तर ते खेळणं नको.

भारतात १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तपासता येतो. जत्रेतल्या किंवा फुटपाथवरच्या खेळण्यावर हे चिन्ह क्वचितच दिसतं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट आहे, म्हणून लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं तर ते बेकायदा ठरत नाही, पण मग पारख आपल्यालाच करावी लागते. ओल्या पांढऱ्या रुमालानं रंग घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर घेऊ नये. लागला नाही म्हणजे रंग निर्धोकच आहे असं मात्र नाही, म्हणून ओळखीच्या, जबाबदारी घेणाऱ्या दुकानातूनच घ्यावं. सावंतवाडीची लाकडी भातुकली सुंदर असते, पण तिचे चिमुकले तुकडे तीन वर्षांनंतरच्या खेळासाठी.

पाळण्यात ठेवायच्या वस्तूंची कसोटी आणखी कडक आहे. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा की वर्षाच्या आतलं बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवावं आणि भोवती उशी, लोड, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. मान सावरता न येणाऱ्या बाळाचं नाक मऊ वस्तूत रुतलं तर त्याला तोंड फिरवता येत नाही. पाळण्याच्या कडेनं लावायची गादी, फरचं ब्लँकेट आणि अस्वल हे तिन्ही यात बाद होतात. डोक्याला गोल आकार यावा म्हणून दिली जाणारी राईची उशीही त्यातच, शिवाय ती उसवली तर राईचे दाणे बाळाच्या तोंडात. गोधडीवर मात्र फुली मारायचं कारण नाही. पातळ सुती गोधडी जमिनीवर अंथरावी आणि जागं बाळ तिच्यावर पालथं पडून खेळावं, हा तिचा उत्तम उपयोग आहे. झोपेत अंगावर घालायला ती जड होते.

वॉकर बारशाला आणायची पद्धतही पडली आहे. वॉकर म्हणजे बाळाला मधे बसवून चाकांवर सोडणारी गोल गाडी. कॅनडानं तिच्या विक्रीवर २००४पासून बंदी घातली आहे. बाळ तिच्यात क्षणात जिन्यापर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोचतं, आणि चालणंही त्यानं लवकर येत नाही. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. तो उभं राहू लागलेलं मूल हातानं ढकलतं, स्वतःच्या पायांवर भार घेतं. पण तोही वर्षाच्या आसपास द्यायचा.

खाण्या-लावण्याच्या वस्तू आहेरात नसलेल्याच बऱ्या. वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. म्हणून मधाची सुबक बाटली बाळंतविड्यात शोभत असली तरी नको. काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. पावडर श्वासावाटे फुप्फुसात जाते. दुधाची बाटलीही आणू नये. पहिले सहा महिने अंगावरचं दूध पुरतं, आणि पुढेही डॉक्टर वाटी-चमच्याचाच सल्ला देतात.

चांदी द्यायची असेल तर

वाटी-चमचा उष्टावणापासून, म्हणजे सहाव्या महिन्यापासून वापरात येतो. आधीच दोन वाट्या येणार असं कळलं तर चमच्यासाठी वेगळी वस्तू बघावी. घेतलाच तर चमच्याची कड ओठावरून फिरवल्यासारखी बोटानं फिरवावी. पातळ पत्र्याच्या चमच्याला बहुतेकदा धार असते. घुंगरांचे वाळे छान वाजतात, पण एक घुंगरू निसटलं की ते थेट तोंडात. बिनघुंगरांचे, तोंड उघडे असलेले, थोडे सैल करता येणारे वाळे चांगले, कारण मनगट आणि पाय दोन्ही झपाट्यानं भरतात. वाळा आणि पाय यांच्यामध्ये आपलं करंगळीएवढं बोट सहज सरकायला हवं. तेवढं सरकत नसेल तर वाळा उतरवून ठेवायची वेळ झाली.

सराफाकडून पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. वस्तू बदलायची किंवा मोडायची वेळ आली तर घट किती धरणार हे तिथेच विचारावं. बिल भेटीसोबत दिलं तर बाळाच्या आईबाबांना दुसरी वाटी मोडून तिचं काही वेगळं करून घेता येतं. सोन्याची अंगठी देणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बाळाची अंगठी बहुधा त्याहून हलकीच असते. तिथे सराफाच्या लेखी शब्दाला महत्त्व आहे. आणि ती अंगठी बारशाच्या दिवसापुरतीच बोटात, मग डबीत.

एक खरेदी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, पुण्यातल्या एका मामेभावाला जुलैच्या शेवटी मुलगी झाली आहे, बारसं ऑगस्टमध्ये आहे आणि तुमचा हात दोन हजारांपर्यंत जातो. बाळाच्या मावशीला फोन केल्यावर कळतं की पाळणा आणि वाळे मामाकडून, कुंची आत्याची, लंगोट-दुपटी ढिगानं आहेत, आणि वाटी शेजारच्या काकू आणणार आहेत. घडीच्या मच्छरदाणीचं कुणी मनावर घेतलेलं नाही.

पावसाळा संपता संपता डास वाढतात, आणि इतक्या लहान बाळाला डास घालवणारी मलमं लावता येत नाहीत. म्हणजे पहिली वस्तू ठरली. ही मच्छरदाणी स्वतःच्या तारांवर उभी राहणारी, छत्रीसारखी मिटणारी घ्यावी, कारण वरून नुसता टाकलेला जाळीचा पडदा तोंडावर येऊ शकतो. तिच्या तारांची टोकं शिवणीतून बाहेर आलेली नाहीत हे पाहावं आणि जाळीचा विण डास शिरणार नाही इतका बारीक आहे ना, हे उजेडात धरून बघावं. बाळ कुशीवर वळायला लागून जाळी ओढू लागलं की ती आवरून ठेवायची.

उरलेल्या पैशांत पुण्याच्या थंडीसाठी पूर्ण बाह्यांचे दोन सुती संच. डिसेंबरअखेरीस ही मुलगी पाच महिन्यांची असेल, साधारण चौसष्ट-पासष्ट सेंटीमीटर उंचीची. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कपडा चालायला हवा, म्हणून लेबलावर अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर सेंटीमीटर असलेलं माप. पुढून उघडणारे, टिचबटणांचे, पायमोजे न जोडलेले. रात्री पारा दहाच्या आसपास उतरला तर आत एक झबलं घालता येईल अशी ऐसपैस शिवण. हेच बाळ मुंबईत किंवा पणजीत असतं तर जाड संचांऐवजी पातळ कापडाचे घेतले असते, आणि नागपुरात असतं तर एक संच थंडीचा आणि एक एप्रिलच्या उन्हाळ्याचा.

वस्तू द्यायला मन घेत नसेल तर पाकीट द्यायला संकोच वाटू देऊ नये. फक्त त्यावर कारण लिहावं. ‘मालिशवाल्या बाईंसाठी’ असं लिहिलेलं पाकीट सव्वा महिन्यात कामी येतं. मुलगी असेल तर ‘सुकन्या खात्यासाठी’ लिहावं. हे खातं दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावानं तिचे आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात आणि वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. म्हणजे काका-मामांनी खातं उघडून द्यायचं नाही, पहिल्या हप्त्याचे पैसे द्यायचे. अशा पाकिटांची कितीही संख्या झाली तरी ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

कपड्यांच्या डब्यावर ‘नोव्हेंबरमध्ये उघडा’ अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत चिकटवावी, नाहीतर ते लहान कपड्यांच्या ढिगाखाली जातात आणि मार्चमध्ये सापडतात. बिल आतच ठेवावं. आणि दुकानातून निघण्याआधी बदलून घ्यायची मुदत कितवी तारीख आहे हे बिलावर लिहून घ्यावं. ती सहसा खरेदीच्या दिवसापासून मोजतात, बारशाच्या दिवसापासून नाही, आणि बाळंतिणीच्या घरी पिशव्या उघडायला आठवडा सहज उलटतो. म्हणून खरेदी बारशाच्या आदल्या एक-दोन दिवसांतच करावी.